किलर सुडोकूत ४५ चा हिशोब बरोबर येतो, तरी कोडं मधेच फसतं: बहुतेक वेळा चूक एका खोडलेल्या जोडीत असते

प्रॉब्लेम असा आहे. केजच्या, म्हणजे मिळून एक बेरीज दिलेल्या घरांच्या गटांच्या, बेरजा नीट केल्या, ४५ मधून वजाबाकी केली, दोनदा तपासली, आकडे भराभर बसत गेले, आणि मग अचानक एखाद्या ओळीत ९ ला जागाच उरत नाही. परत पहिल्यापासून सगळं खोडायचं, परत तीच बेरीज, परत तेच उत्तर, आणि शेवटी वाटायला लागतं की कोडंच चुकीचं छापलंय. माझं हे महिनोन्महिने चालू होतं, आणि दरवेळी मी बेरजाच तपासत बसायचो कारण चूक तिथेच असणार असं डोक्यात पक्कं होतं. बेरजा बरोबर असायच्या. चूक त्याच्या पुढच्या पायरीवर होती, आणि ती इतकी सवयीची असते की करताना कळतसुद्धा नाही.

एक केस पूर्ण मांडतो म्हणजे नेमकं कुठे घसरतं ते दिसेल, कागदावर ९ बाय ९ ची चौकट काढून सोबत करा, वरच्या तीन ओळी आणि चौथ्या ओळीतलं एक घर एवढंच लागणार आहे. घरांची नावं मी अशी लिहितोय: २/४ म्हणजे दुसरी ओळ, चौथा कॉलम. बॉक्स म्हणजे ३ बाय ३ चा चौकोन, वरचा डावीकडचा तो पहिला, मधला दुसरा, उजवीकडचा तिसरा.

केज अशा आहेत:

१/१, १/२, १/३ मिळून ७
१/४, १/५ मिळून १७
१/६, १/७ मिळून १२
१/८, १/९, २/९ मिळून १३
२/७, २/८ मिळून ३
२/१, ३/१ मिळून १२
२/२, २/३, २/४ मिळून १६
३/२, ३/३, ४/२ मिळून १६

पहिली ओळ सोपी आहे, पटकन करू. तीन घरांत ७ फक्त १, २, ४ नीच होतात, दुसरा मार्गच नाही. दोन घरांत १७ म्हणजे ८ आणि ९. दोन घरांत १२ ला तीन जोड्या आहेत, ३ आणि ९, ४ आणि ८, ५ आणि ७, पण ४, ८, ९ या ओळीत आधीच गेलेत म्हणून ५ आणि ७ च उरतात. राहिले ३ आणि ६, ते १/८ आणि १/९ मधे. आता ओळीच्या चारही केजची बेरीज करा, ७ आणि १७ आणि १२ आणि १३, झाले ४९. ओळीची बेरीज तर ४५ च असणार, कारण १ ते ९ एकदाच येतात. मग जास्तीचे ४ कुठून आले? ओळीबाहेर खाली लोंबणारं एकच घर आहे, २/९. म्हणून २/९ मधे ४. ओळीतल्या ३ आणि ६ मधे हे ४ मिळवले की १३ होतात, म्हणजे हिशोब जुळतोय.

इथपर्यंत कुणी चुकत नाही. एकच घर बाहेर असेल तर वजाबाकीचं उत्तर तेच त्या घराचं उत्तर, विषय संपला.

आता पहिला बॉक्स घ्या. त्याला चार केज लागतात: ७, १२, १६ आणि १६. बेरीज ५१. बॉक्सची बेरीज ४५, म्हणजे ६ जास्तीचे, आणि यावेळी बाहेर दोन घरं आलीत, उजवीकडे २/४ आणि खाली ४/२. तर २/४ आणि ४/२ मिळून ६. इथे बहुतेक जण पेन्सिलने बाजूला लिहितात: १ आणि ५, २ आणि ४. झालं. हीच ती जागा. ३ आणि ३ लिहिलं जातच नाही.

का लिहिलं जात नाही ते सरळ आहे, केजची कॉम्बिनेशन पाठ करताना आपण शिकतो की दोन घरांत ६ म्हणजे १ ५ किंवा २ ४, आणि ३ ३ चालत नाही कारण केजमधे आकडा रिपीट होत नाही. ते केजसाठी शंभर टक्के खरं आहे. पण २/४ आणि ४/२ ही केज नाहीये! ती दोन वेगवेगळ्या केजची दोन टोकं आहेत, आणि त्यांची बेरीज ६ आहे हे आपण वजाबाकीने काढलंय, कोड्याने ती एका केजमधे बांधलेली नाहीत. पण डोकं "दोन घरं, बेरीज ६" एवढं ऐकतं आणि पाठ असलेला तक्ता पुढे करतं. जितका तक्ता जास्त पाठ तितकी ही चूक पक्की होते, म्हणून नवशिक्यांपेक्षा सरावलेल्या लोकांनाच ती जास्त छळते असं माझं निरीक्षण आहे.

३ ३ खोडून पुढे गेलं तर काय होतं ते बघा, कारण सगळ्यात फसवा भाग तोच आहे. दुसऱ्या ओळीत २/७ आणि २/८ ची बेरीज ३, म्हणजे तिथे १ आणि २ बसलेत. २/९ मधे ४ आहे. म्हणजे २/४ मधे १, २, ४ यातलं काहीच येऊ शकत नाही. उरलं फक्त ५, म्हणजे २/४ मधे ५ आणि ४/२ मधे १. एकच पर्याय उरला की किती छान वाटतं ना, लगेच पेनने लिहून टाकतो आपण. मग पुढे: २/२, २/३, २/४ च्या केजमधे १६ पैकी ५ गेले, ११ उरले. बॉक्सच्या वरच्या ओळीत १, २, ४ गेलेत, तेव्हा उरलेल्या सहा घरांत ३, ५, ६, ७, ८, ९. त्यातून ११ म्हणजे ३ आणि ८ किंवा ५ आणि ६, पण ५ केजमधे आलाय म्हणून ३ आणि ८. खालच्या केजमधे १६ पैकी १ गेला, १५ उरले, ६ आणि ९ किंवा ७ आणि ८, ८ संपलाय म्हणून ६ आणि ९. शेवटी उरले ५ आणि ७, त्यांची बेरीज १२, आणि डावीकडची केज बरोब्बर १२ चीच आहे! याच क्षणी आपली खात्री पटते की आपण योग्य मार्गावर आहोत. पण ती खात्री पोकळ आहे. चौथी केज जुळणारच होती, कारण बाहेरच्या दोन घरांची बेरीज आपण त्याच चार केजमधून काढली होती. बाकीच्या तीन केज भरल्या की चौथी आपोआप जुळते, मग बाहेरच्या घरांत १ ५ टाका नाहीतर ५ १. ही तपासणी नाही, तेच गणित उलटं केलंय.

पुढे अजून आकडे पडतात. २/४ मधे ५ म्हणून २/१ मधे ७, ३/१ मधे ५. दुसऱ्या बॉक्समधे ५ आला म्हणून १/६ मधे ७, १/७ मधे ५. आणि आता दुसरी ओळ वाचा: ७, मग ३ आणि ८, मग ५, दोन रिकामी घरं, मग १ आणि २, मग ४. उरले ६ आणि ९, आणि जागा उरलीये २/५ आणि २/६. पण दुसऱ्या बॉक्सचा ९ वरच्या १/४ किंवा १/५ मधे आधीच बसलाय. ९ ला जागा नाही. इथे माणूस बेरजा तपासायला परत पहिल्या ओळीवर जातो, आणि तिथे सगळं बरोबरच सापडतं.

आता बरोबर कसं करायचं. वजाबाकीने बाहेरच्या दोन घरांची बेरीज काढलीत की तक्त्याकडे जायच्या आधी फक्त एक प्रश्न विचारायचा: ही दोन घरं एकमेकांना बघतात का? बघतात म्हणजे एकाच ओळीत आहेत का, एकाच कॉलममधे आहेत का, एकाच बॉक्समधे आहेत का, किंवा एकाच केजमधे आहेत का. चारातलं एक जरी हो आलं तर रिपीट चालणार नाही, तक्ता बिनधास्त वापरा. चारही नाही आलं तर सारख्या आकड्यांची जोडी यादीत लिहायचीच, आणि ती खोडायला वेगळं कारण सापडेपर्यंत हात लावायचा नाही. आपल्या केसमधे २/४ दुसऱ्या ओळीत, ४/२ चौथ्या ओळीत, कॉलम वेगळे, बॉक्स दुसरा आणि चौथा, केज वेगळ्या. चारही नाही. म्हणून यादी अशी: १ ५, ५ १, २ ४, ४ २, आणि ३ ३. क्रमही महत्त्वाचा आहे हे लक्षात घ्या, १ ५ आणि ५ १ या दोन वेगळ्या शक्यता आहेत.

२/४ मधे १, २, ४ नाहीत म्हणून उरतात ५ १ आणि ३ ३. ५ १ फसतं ते वर बघितलंच. ३ ३ टाकून बघू. २/४ मधे ३ असल्यामुळे पहिल्या बॉक्सच्या दुसऱ्या ओळीत ३ येणार नाही. ४/२ मधे ३ असल्यामुळे दुसऱ्या कॉलममधे येणार नाही. वरच्या ओळीत १, २, ४ आहेत. म्हणजे बॉक्सचा ३ एकतर ३/१ मधे किंवा ३/३ मधे. पण ३/३ आणि ४/२ एकाच केजमधे आहेत, आणि केजमधे ३ दोनदा येत नाही, म्हणून ३/१ मधे ३ आणि १२ पूर्ण करायला २/१ मधे ९. मग दुसऱ्या ओळीचा ८ शोधा: दुसऱ्या बॉक्सचा ८ वरच्या ओळीत गेलाय, २/७, २/८, २/९ भरलेत, तेव्हा ८ येणार २/२ किंवा २/३ मधेच. त्या केजमधे १६ पैकी ३ आणि ८ गेले, उरले ५. खालच्या केजमधे उरतात ६ आणि ७, शिवाय ४/२ मधला ३, एकूण १६. दुसऱ्या ओळीत २/५ आणि २/६ ला ६ आणि ७ उरतात, कुठेच अडत नाही. आणि दुसऱ्या बॉक्सचा ७ आता दुसऱ्या ओळीत आहे म्हणून १/६ मधे ५ आणि १/७ मधे ७ असं पहिल्या ओळीतलं लटकलेलं उत्तरही सुटलं. बघा, चुकीच्या वाटेवर हे बरोब्बर उलटं पडलं होतं.

तिसरी ओळही वाचून बघा: ३, मग ६ आणि ७, दुसऱ्या बॉक्सला उरलेले १, २, ४, तिसऱ्या बॉक्सला उरलेले ५, ८, ९. नऊच्या नऊ आकडे, एकदाच. पण हीसुद्धा वेगळी तपासणी नाही, कारण तिन्ही बॉक्स आणि वरच्या दोन ओळी बरोबर भरल्या की तिसरी ओळ आपोआप जुळते.

आता काही जण म्हणतील की ५ १ फसेपर्यंत जाऊन बघणं म्हणजे अंदाजच झाला. तर ४५ ला हात न लावताही हीच जागा सुटते, आणि मला ही वाट जास्त आवडते. दुसऱ्या ओळीचे ८ आणि ९ दोन्ही पहिल्याच बॉक्समधे यायला हवेत, कारण दुसऱ्या बॉक्समधले ते वरच्या ओळीत आहेत आणि तिसऱ्या बॉक्सची दुसरी ओळ १, २, ४ ने भरली. २/१ मधे ८ टाकला तर खाली ४ लागतो, आणि बॉक्सचा ४ वर आहे, म्हणून नाही. म्हणजे ८ आडव्या १६ च्या केजमधे. ९ पण तिथेच टाकला तर दोनच घरांत १७ होतात, १६ च्या वर. म्हणून ९ हा २/१ मधे, ३/१ मधे ३. आडव्या केजमधे ८ सोडून ८ उरतात, १ ७ आणि २ ६ जात नाहीत कारण १ आणि २ त्या ओळीत आधीच आहेत, उरलं ३ ५, आणि बॉक्सचा ३ खाली गेल्यामुळे ३ बाहेर २/४ मधेच. परत ३. दोन वेगळ्या वाटांनी तेच घर, तोच आकडा, आता शंका उरत नाही.

एक अट मात्र आहे. ३/३ मधे ३ येणार नाही हे आपण केजमधे रिपीट नाही या नियमावर म्हटलं, कारण ३/३ आणि ४/२ ना ओळीत एक ना कॉलममधे ना बॉक्समधे. नेहमीच्या किलर सुडोकूत हा नियम असतोच, पण काही कोडी बनवणारे वेगवेगळ्या बॉक्समधे पसरलेल्या केजमधे रिपीट चालू देतात, तेव्हा कोड्यासोबतच्या सूचनेत ते वाचून घ्या. तसं असेल तर अशा केजसाठी कॉम्बिनेशनचा तक्ताच बदलतो आणि वरची पहिली वाट तिथे तुटते. दुसरी वाट २/४ पर्यंत तरीही चालते, कारण तिच्यातली कुठलीच पायरी केजच्या नियमावर उभी नाही, फक्त ओळ, बॉक्स आणि बेरीज.

वरच्या दोन ओळी एकत्र घेऊन ९० मधून वजाबाकी करता तेव्हा बाहेरची दोन्ही घरं बहुतेक वेळा तिसऱ्या ओळीत पडतात, तशी पडली की ती एकमेकांना बघतात, तिथे सारखी जोडी नाहीच. बॉक्स घेतलात आणि एक घर बाजूला, एक खाली निघालं तर बेरीज सम असताना जवळजवळ नेहमीच सारखी जोडी शक्य असते. म्हणजे हा घोळ मुख्यतः बॉक्सच्या हिशोबात होतो, ओळींच्या हिशोबात फार कमी, हे माहीत असलं की कुठे सावध व्हायचं ते कळतं. तीन घरं बाहेर असतील तर दोन दोनची प्रत्येक जोडी वेगळी बघावी लागते, कारण पहिलं आणि दुसरं एकमेकांना बघत असतील पण तिसरं दोघांपासून लांब असेल.

याच चुकीचं एक भावंड आहे. ओळीतलं एक घर हिशोबात घेतलं नाही कारण त्याची केज बरीचशी दुसरीकडे आहे, आणि हिशोबात घेतलेल्या एका केजचं एक घर बाहेर आलंय, आणि बेरीज केली तर नेमकी ४५ आली. लोक इथे थांबतात, म्हणतात फरक शून्य, काही कळलं नाही. उलट खूप कळलंय: आत सोडलेलं घर आणि बाहेर आलेलं घर यात एकच आकडा आहे. बेरीज ४७ आली असती तर बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा २ ने मोठा. आणि शून्य फरक आला पण ती दोन घरं एकाच बॉक्समधे किंवा कॉलममधे आहेत असं दिसलं, तर मात्र तुमची बेरीजच चुकलीये, कारण तिथे सारखा आकडा बसूच शकत नाही. बेरीज चुकली हे पकडायची ही चांगली खूण आहे. तशीच दुसरी खूण म्हणजे एकाच बाहेरच्या घराचं उत्तर ० किंवा ९ च्या वर येणं, म्हणजे एखादी केज दोनदा धरली किंवा एखादी राहिली.

कोडंच चुकीचं छापलंय का ही शंका राहिलीच तर भरण्याआधी सगळ्या केजची एकूण बेरीज करून टाका. नऊ ओळी, प्रत्येकी ४५, म्हणजे ४०५ यायलाच हवेत, अर्थात एकही घर केजबाहेर नसेल तर. ४०५ आले नाहीत तर छपाई चुकली किंवा तुम्ही एखादा आकडा चुकीचा वाचला, छोट्या अक्षरात १ आणि ७ ची गल्लत नेहमी होते. ४०५ आले तरी दोन चुका एकमेकींना झाकत असू शकतात, पण ते क्वचित. ४०५ बरोबर, बेरजा बरोबर आणि तरी ९ ला जागा नाही, अशी वेळ आली की सगळं खोडू नका, बाजूला लिहिलेल्या बाहेरच्या घरांच्या जोड्यांची यादी काढा आणि बेरीज सम असलेल्या जोड्या आधी तपासा. ६, ८, १०, १२ अशी सम बेरीज असेल तरच सारखी जोडी शक्य असते, विषम असेल तर नाहीच, त्यामुळे बघायला जागा तशा थोड्याच उरतात.